बादली सरळ, उजेड वाकडा

आपलं काम निर्दोष असतं अशी ज्याची मनापासून खात्री आहे, त्याने गेमसाठी थ्रीडी वस्तू बनवण्याच्या धंद्यात जरूर यावं. इथे त्या खात्रीला रोज पुरावा मिळतो. नॉर्मल मॅप बेक करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत वस्तू इतकी देखणी दिसते की दृष्ट काढावी. मग ती गेमच्या इंजिनात नेतात. तिथे तिच्या अंगावर भलत्याच सावल्या पडतात, कडा काळवंडतात, फुगवटे खड्डे होतात. आणि बनवणारा माणूस हाताची घडी घालून जे म्हणतो, ते मुंबईपासून माँट्रियलपर्यंत सगळीकडे सारखंच असावं: "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय."

हे वाक्य मी फार चांगलं म्हणतो. त्यात थोडी वेदना, थोडी सहनशीलता आणि समोरच्याच्या संगणकाबद्दल बरीचशी दया मिसळावी लागते. ते साधायला काही वर्षं जातात.

यावेळी प्रकरण बादलीचं होतं. खेळात एक ओसाड गाव, गावाबाहेर विहीर, विहिरीच्या काठावर पत्र्याची बादली. बादलीला काम काहीच नाही, नुसतं असायचं. पण असायचं म्हणजे व्यवस्थित असायचं. म्हणून मी आधी एक श्रीमंत बादली बनवली. तिच्या पोटावर आडव्या दोन वळ्या, कानांपाशी रिवेट, विहिरीच्या कडेला आपटून आलेले पोचे, सगळं खरंखुरं कोरलेलं, लाखो त्रिकोणांचं. एवढी जड बादली खेळात उचलवत नाही, म्हणून दुसरी गरीब बादली: सोळा बाजूंची, गुळगुळीत, वर रुंद आणि खाली निमुळती. श्रीमंत बादलीचे सगळे चढउतार रंगांच्या भाषेत एका चित्रात उतरवायचे आणि ते चित्र गरीब बादलीला गुंडाळायचं. त्या चित्राला नॉर्मल मॅप म्हणतात आणि उतरवण्याला बेक करणं. लाल रंग सांगतो पृष्ठभाग डावी-उजवीकडे किती कलला आहे, हिरवा सांगतो वर-खाली किती, आणि निळा सांगतो समोर किती. जिथे काहीच कल नाही तिथे आकडे असतात 128, 128, 255, म्हणून हे चित्र सगळं जांभळट निळं दिसतं.

"बादली निळी का केलीस?" आईने मागून जाताना विचारलं.

"निळी नाही, तो नॉर्मल मॅप आहे."

"नॉर्मल दिसत नाहीये," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. पुढच्या काळात या विषयावर मला मिळालेलं हे सगळ्यात अचूक निदान होतं.

ब्लेंडरमध्ये बादली झकास दिसत होती. अनरियल इंजिनात नेली तर वळ्यांच्या जागी चर पडले होते, जणू कुणीतरी बादलीला दोरीने आवळून ठेवलं होतं. पोटावर गोल फिरत करवतीच्या दातांसारख्या तिरक्या सावल्या. मागच्या बाजूला, जिथे नकाशाची शिवण येते, तिथे वरपासून खालपर्यंत एक रेघ. आणि बुडाच्या कडेला काळपट वलय.

आमच्याकडे अशा वेळी माणसं आपोआप जमतात. रस्त्यावर गाडी बंद पडली की बॉनेटभोवती जमतात तशीच, आणि तितक्याच तयारीने. लाइटिंगवाला सगळ्यात आधी आला, कारण पहिला संशय त्याच्यावर होता. त्याने सूर्य फिरवून पाहिला. सूर्य पश्चिमेला नेल्यावर करवतीचे दात जरा कमी दिसले, म्हणून त्याने सुचवलं की खेळात कायम संध्याकाळ ठेवावी. टेक्स्चरवालीने नकाशाचा आकार दुप्पट करायला सांगितलं. तोच दोष आता दुप्पट स्पष्ट दिसू लागला. लीड सर चहाचा कप घेऊन आले, तीन सेकंद पाहिलं आणि खांद्यावरून म्हणाले, "ग्रीन फ्लिप कर."

ग्रीन फ्लिप हे आमच्या धंद्यातलं अमृतांजन आहे. कुठेही दुखो, लावतात. पण त्याला एक खरा उपयोग आहे हे मान्य केलं पाहिजे. हिरव्या रंगात 'वर' कुठे, याचे दोन पंथ आहेत. ब्लेंडर, युनिटी आणि ग्लटीएफ हा फाइलप्रकार हे ओपनजीएल पंथाचे, त्यांच्याकडे हिरवा वाढला की पृष्ठभाग वरच्या अंगाला कलतो. अनरियल डायरेक्टएक्स पंथाचं, तिथे हिरवा वाढला की खालच्या अंगाला. दोघांचं लाल आणि निळ्याबाबत पूर्ण एकमत आहे. भांडण फक्त हिरव्याचं. आणि माझ्या वळ्या आडव्या होत्या, म्हणजे त्यांचा सगळा जीव हिरव्या रंगात. त्यामुळे त्यांचेच चर झाले.

हे ओळखायला बैठक लागत नाही. नकाशाचा फक्त हिरवा रंग करड्या चित्रासारखा उघडून बघायचा. फुगवटे वरून उजेड पडल्यासारखे दिसले तर ओपनजीएल, खालून टॉर्च मारल्यासारखे दिसले तर डायरेक्टएक्स. इलाजही दोन आहेत. बेक करतानाच ब्लेंडरमध्ये हिरव्याची दिशा `-Y` निवडायची, किंवा अनरियलमध्ये त्या टेक्स्चरवर `Flip Green Channel` ही खूण करायची. दोन्हींपैकी एकच. पण सल्ला देणारे दोन असले की दोन्ही होतात, आणि उलट्याचं उलट होऊन वळ्या पुन्हा चर बनतात. आमच्याकडे सरांनी सांगितलं म्हणून मी बेकमध्ये फिरवलं आणि सरांनी सांगितलं म्हणूनच टेक्स्चरवालीने इंजिनात फिरवलं. सर परत आले, पाहिलं आणि म्हणाले, "सांगितलं होतं ना ग्रीन फ्लिप करायला?"

अखेर एकदाच फ्लिप झालं. वळ्या वर आल्या. करवतीचे दात, शिवणीची रेघ आणि बुडाचं वलय मात्र जागच्या जागी. सर म्हणाले, "परत एकदा फ्लिप करून बघ."

मग टेक्स्चरवालीने दुसऱ्या ठराविक संशयिताची चौकशी केली: एसआरजीबी. रंगाच्या चित्रांना पडद्यासाठी एक वक्र लावलेला असतो आणि वाचताना इंजिन तो सरळ करून घेतं. नॉर्मल मॅप मात्र रंगाचं चित्र नाही, तो आकड्यांचा तक्ता आहे. त्याच्यावर तो वक्र चालवला तर 'कल नाही' सांगणारा मधला अर्धा आकडा साधारण 0.22 होऊन बसतो आणि अख्खी सपाट बादली एका कोपऱ्याकडे झुकल्यासारखी वागते. आमच्या नकाशावर `sRGB` बंद होतं आणि कॉम्प्रेशनही `Normalmap` होतं. संशयित निर्दोष सुटला. त्यामुळे सगळेच नाराज झाले, कारण हा गुन्हा एका टिचकीत मिटला असता.

इथपर्यंत आल्यावर माणूस शास्त्र सोडतो आणि कलेकडे वळतो. लाइटिंगवाला म्हणाला, "त्या शिवणीवर गंज चढव की."

"आणि बुडाच्या वलयावर?"

"तिथे शेवाळ. विहिरीची बादली आहे."

"आणि करवतीचे दात?"

तो विचारात पडला. "बादली मागे वळवून ठेवली तर?"

आमच्या खेळांमधला निम्मा गंज इतिहासाचा नसून शिवणींचा असावा असा मला दाट संशय आहे. ज्या वस्तूवर नको तिथे सरळ उभा गंज दिसतो, तिथे खाली कुणाची तरी अब्रू झाकलेली असते. त्या दिवशी संध्याकाळी क्लायंटला चित्र पाठवायचं होतं, म्हणून मीही गंज चढवला. मनापासून चढवला. बादली पाच वर्षं विहिरीत पडून होती असं वाटेल इतका.

पण रात्री झोप येईना, म्हणून मूळ दुखण्याकडे गेलो. दुखणं असं आहे. नॉर्मल मॅप 'उजवीकडे कल' म्हणतो तेव्हा कुणाच्या उजवीकडे? पत्ता सांगणारा गृहस्थ देवळाकडे तोंड करून 'उजवीकडे वळा' म्हणतो, ऐकणारा देवळाकडे पाठ करून वळतो आणि दोघेही आयुष्यभर एकमेकांना मूर्ख समजतात, तसला हा प्रकार आहे. बादलीच्या प्रत्येक कोपऱ्यावर तीन बाण असतात. एक नॉर्मल, पृष्ठभागातून बाहेर जाणारा. एक टॅन्जंट, नकाशाच्या आडव्या दिशेने जाणारा. तिसरा बायटॅन्जंट, दोघांना काटकोनात. या तिघांची मिळून जी दिशाव्यवस्था होते ती टॅन्जंट स्पेस. बेकर त्या व्यवस्थेच्या हिशोबाने कल लिहून ठेवतो आणि इंजिन त्याच हिशोबाने परत उलगडतं. उलगडण्याचा अख्खा संसार एवढाच:

```
B = sign * cross(N, T)
n = normalize(t.x * T + t.y * B + t.z * N)
```

`t` म्हणजे नकाशातून वाचलेला कल, `N` आणि `T` म्हणजे बादलीचे बाण, आणि `sign` नकाशा आरशासारखा उलटा गुंडाळला आहे का ते सांगतो. बेकरचे `N` आणि `T` एक असतील आणि इंजिनाचे दुसरे, तर कल भलत्याच दिशेला उलगडतो. नकाशाही बरोबर, इंजिनही बरोबर, आणि बादली चूक.

गंमत अशी की हे बाण काढण्याच्या रीती पुष्कळ होत्या आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला आपलीच रीत शास्त्रोक्त वाटत असे. ब्लिन यांनी सुरकुतलेल्या पृष्ठभागांचा आभास निर्माण करण्याची युक्ती 1978 मध्ये मांडली. मॉर्टन मिकेलसन यांनी 2008 च्या आपल्या प्रबंधात त्याच सुरकुत्या पुन्हा हातात घेतल्या. त्यांच्या कामातून मिकटीस्पेस ही बाण काढण्याची ठरलेली रीत आली, आणि तिचा कोड कुणालाही जसाच्या तसा वापरता येतो. आज ब्लेंडर तीच वापरतं, अनरियल तीच वापरतं, आणि ग्लटीएफ 2.0 सांगतं की फाइलमध्ये टॅन्जंट दिले नसतील तर याच रीतीने काढा. ही रीत जगातली सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंनी एकच रीत असली म्हणजे झालं, एवढ्यासाठी. इतकी वर्षं कोण बरोबर यावर वाद घालणाऱ्या जमातीने 'कोणीही चालेल पण एकच' यावर यावं, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा रंग अजून ठरलेला नाही.

आता तुम्ही विचाराल, दोन्हीकडे मिकटीस्पेस असताना माझ्या बादलीचं काय बिघडलं? सकाळी मीही हेच विचारलं. लाइटिंगवाला तोवर पुन्हा सूर्याला हात घालत होता, म्हणून पहिल्यांदा त्याला निर्दोष सोडवलं. अनरियलमध्ये `Buffer Visualization` मधून `World Normal` लावलं की उजेड बाजूला राहतो आणि प्रत्येक बिंदू कुठे तोंड करून आहे ते रंगाने दिसतं. चांगल्या बादलीभोवती हा रंग सावकाश, न अडखळता बदलत जायला हवा. आमच्या बादलीवर तिथेही करवतीचे दात होते. म्हणजे सूर्य निरपराध होता. लाइटिंगवाल्याने त्या चित्राचा स्क्रीनशॉट काढून सगळ्यांना पाठवला. अजूनही तो मधूनमधून पाठवतो.

दातांचं कारण चौकोनात होतं. गरीब बादलीच्या सोळा बाजू म्हणजे वर रुंद, खाली अरुंद असे सोळा चौकोन. पण रेखाटताना कुठलंही इंजिन चौकोन ठेवत नाही, त्याचे दोन त्रिकोण करतं आणि मधे एक कर्ण टाकतं. कोपऱ्यांवरचे बाण त्या त्रिकोणांच्या आत वाटले जातात. निमुळत्या चौकोनात कर्ण डावीकडून टाकला की एक वाटणी, उजवीकडून टाकला की दुसरी. बेकरने एका बाजूने कर्ण टाकून नकाशा लिहिला होता, आयात होताना दुसऱ्या बाजूने पडला. रीत तीच, बाणही तेच, त्रिकोण मात्र वेगळे. म्हणून सोळा बाजूंवर सोळा दात. इलाज अगदी साधा आहे: बेक करण्याच्या आधीच सगळे चौकोन आपण स्वतः त्रिकोणांत मोडायचे आणि तीच जाळी बेकला, तीच निर्यातीला.

शिवणीची रेघ आणि बुडाचं वलय यांचा धागा आयातीच्या खिडकीपर्यंत गेला. तिथे नॉर्मलबद्दल विचारतात: `Import Normals` की `Compute Normals`? 'कम्प्यूट' हा शब्द जास्त मेहनती वाटतो, म्हणून आमच्याकडे कुणीतरी श्रद्धेने तोच निवडून ठेवला होता आणि पुढच्या सगळ्यांनी तो परंपरा म्हणून जपला. त्याचा अर्थ असा की फाइलमधून आलेले बाहेरचे बाण फेकून द्या आणि नव्याने काढा. बेकरने ज्या बाणांवर विसंबून नकाशा लिहिला तेच दारात काढून घेतल्यावर टॅन्जंट कितीही शास्त्रोक्त निघोत, बिचारे करणार काय? `Import Normals` निवडलं. जाळीच्या बिल्ड सेटिंगमध्ये `Recompute Normals` बंद आणि `Use MikkTSpace Tangent Space` चालू केलं. मग इंजिन नॉर्मल फाइलचे घेतं आणि टॅन्जंट त्यांच्यावरून ठरलेल्या रीतीने काढतं.

बुडाचं वलय एवढ्याने फिकं झालं, पण पुरतं गेलं नाही. तिथे दोष मागणीचा होता. बादलीचा उभा पत्रा आणि आडवं बूड जवळजवळ काटकोनात भेटतात, आणि मी ती कडा मऊ ठेवली होती. म्हणजे कडेवरचा बाण दोघांची सरासरी काढून तिरका उभा राहतो, आणि सपाट बूड सपाट दिसावं म्हणून नॉर्मल मॅपला अख्ख्या बुडावर उलट्या कलाचा मोठा चढउतार रंगवून त्या बाणाची भरपाई करावी लागते. ही भरपाई 8 बिटांच्या नकाशात 256 पायऱ्यांत बसवायची. मातीच्या मडक्यावर कुणाला कळत नाही, चकचकीत पत्र्यावर पट्टे दिसतात. टॅन्जंटमध्ये जरासा फरक असला तर हीच भरपाई सगळ्यात आधी उघडी पडते.

बुडाचा नकाशात वेगळा तुकडा होताच, म्हणजे तिथे शिवण आधीपासून होती. मग ती कडा कडक करायला खर्च काहीच नव्हता. कडक कडेला नकाशात शिवण हवीच, प्रत्येक शिवणीला कडक कडा हवी असं मात्र नाही. एक पथ्य पाळायचं: कडक कडेवर बेकचे किरण दोन दिशांना फाटू नयेत म्हणून बेकरला केज द्यायचा, नाहीतर कडेवरच फट राहते. कडक केल्यावर बुडाच्या नकाशातला तो रंगीत चढउतार नाहीसा झाला आणि उरला तो शांत 128, 128, 255.

नव्याने बेक केलं. इंजिनात बादली तशीच दिसली जशी ब्लेंडरमध्ये दिसत होती. वळ्या वर, पोचे आत, मागची रेघ गायब. मी सगळ्यांना बोलावलं. सर म्हणाले, "बघ, ग्रीनच होता."

दुपारी एका उत्साही सहकाऱ्याने जाळीतल्या दोन 'फालतू' कडा मला न विचारता काढल्या, कारण त्याला स्वच्छता आवडते. बेकनंतर जाळीला हात लावला की बाण बदलतात, बाण बदलले की नकाशा जुन्या पत्त्यावर जातो. करवतीचे दात परत आले, दोनच, पण ठळक. तेव्हापासून बेक झालेल्या फाइलींच्या नावात मी शेवटी `HAAT_LAVU_NAYE` लिहितो. सहकारी त्या नावाचा अर्थ विचारायला फाइल उघडतात.

अखेर गंज उतरवलेली, शेवाळ पुसलेली, निखळ बादली क्लायंटकडे गेली. दोन तासांनी फोन आला.

"बादली छान आहे. पण मागे तो उभा गंज होता ना, तो कुठे गेला? आमच्या डायरेक्टरना फार आवडला होता. त्या बादलीला एक भूतकाळ होता म्हणे."

मी त्यांना शिवण, टॅन्जंट, मिकेलसन, निमुळते चौकोन, सगळं समजावलं. तो गंज एक दोष झाकायला होता, आता तो दोषच राहिला नाही, हेही सांगितलं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग अत्यंत नम्र आवाजात प्रश्न आला, "मग तो दोष परत आणता येईल का?"